धडा संपल्यावर उरणारा प्रश्न

सहावीत विभाज्यतेच्या कसोट्या शिकवताना फळ्यावर एक नियम लिहिला जातो. संख्येतल्या अंकांच्या बेरजेला ९ ने निःशेष भाग जात असेल, तर त्या संख्येलाही ९ ने निःशेष भाग जातो. मुलं तो वहीत उतरवून घेतात, दहा उदाहरणं सोडवतात, चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पालकहो, आज मला तुमच्याशी या एकाच नियमाबद्दल बोलायचं आहे.

दर जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालक भेटायला येतात. "बाई, मुलीला गणित आवडतं. ऑलिंपियाडची तयारी कधीपासून करायची? क्लास कोणता? पुस्तक कोणतं आणायचं?" बऱ्याचदा पुस्तक आधीच आणलेलं असतं. 'चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स' हे ऑलिंपियाडच्या मुलांचं नावाजलेलं पुस्तक सातवीतल्या मुलीच्या दप्तरात मी पाहिलं आहे. पुस्तक उत्तमच आहे, पण ते नववी-दहावीतल्या, आधीच बरंच चालून आलेल्या मुलासाठी आहे. सातवीतली मुलगी तिसऱ्या पानावर अडते आणि आपल्याला गणित येत नाही असं समजून बसते. तिला गणित येत असतं. मधल्या पायऱ्या तिला कोणी दाखवलेल्या नसतात, एवढंच.

आधी परीक्षेबद्दल थोडं. 'ऑलिंपियाड' हे नाव आज अनेक खासगी परीक्षांनाही असतं, आणि त्यांची पदकं घरोघरी दिसतात. मुलांना हौस असेल तर त्या परीक्षा द्यायला हरकत नाही, पण आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडकडे जाणारी वाट वेगळी आहे. तिची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा. मुंबईत मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या सगळ्या ऑलिंपियाड कार्यक्रमाचं देशातलं मुख्य केंद्र आहे. आयओक्यूएम आठवीपासून देता येते. तीन तासांत ३० प्रश्न असतात, १० प्रश्न दोन गुणांचे, १० तीन गुणांचे आणि १० पाच गुणांचे. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली एक संख्या असते. पर्याय दिलेले नसतात, त्यामुळे अंदाजाने खूण करायची सोय नाही. पुढे प्रादेशिक आणि राष्ट्रीय पातळीवर मात्र नुसत्या उत्तराला किंमत नाही, सिद्धता पूर्ण लिहावी लागते.

आता हिच्याशेजारी आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा ठेवून पाहा. तिच्यात बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न असतात आणि प्रत्येक पेपरला ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. आयओक्यूएममध्ये एका प्रश्नाला सरासरी सहा मिनिटं मिळतात आणि शेवटच्या पाच गुणांच्या प्रश्नांना तीही अपुरी पडतात. पहिल्या परीक्षेत मूल न अडता पुढे सरकलं पाहिजे, दुसरीत एका जागी अडून राहण्याची तयारी पाहिजे. म्हणून या दोन्ही तयाऱ्या एकाच बैठकीत करू नयेत. सरकारी किंवा अनुदानित शाळेत मूल असेल आणि उत्पन्नाच्या अटीत कुटुंब बसत असेल, तर एनएमएमएस जरूर द्या. नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात, ही लहान गोष्ट नाही. फक्त तिचा सराव वेगळ्या दिवशी, घड्याळ लावून करा. ऑलिंपियाडच्या बैठकीत मुलाच्या समोर घड्याळ ठेवू नका.

आता त्या नवाच्या नियमाकडे येते.

पहिली पायरी 'का?' एवढीच आहे. ४५२७ ही संख्या घ्या. अंकांची बेरीज १८, म्हणून तिला ९ ने भाग जातो, हे पुस्तकातलं. आता मुलाला विचारा, अंक मिळवून भागाकाराबद्दल काही कळतंच कसं? त्याला स्थानिक किंमत माहीत आहे, म्हणजे लागणारं सामान त्याच्याकडे आहे. ४००० म्हणजे चार वेळा १०००, आणि १००० म्हणजे ९९९ आणि वर १. म्हणजे ४००० मधून चार वेळा ९९९ बाजूला काढले की ४ उरतात. ५०० मधून पाच वेळा ९९ काढले की ५ उरतात. २० मधून दोन वेळा ९ काढले की २ उरतात, आणि एककाचे ७ आहेतच. बाजूला काढलेल्या सगळ्याला ९ ने भाग जातो. उरलं काय? ४, ५, २ आणि ७. म्हणून अंकांची बेरीज!

हे तुम्ही समजावून सांगितलंत तर पाच मिनिटांचं काम आहे. मुलाने स्वतः शोधलं तर आठवडाही लागतो. माझ्याकडे शनिवारी दुपारी काही मुलं येतात. त्यांच्यातल्या एका सहावीच्या मुलीला हे सापडायला नऊ दिवस लागले. मधे मी तिला एवढंच म्हटलं होतं, "१० ला ९ ने भागून बघ, मग १०० ला, मग १००० ला." दहाव्या दिवशी ती मधल्या सुट्टीत धावत आली आणि म्हणाली, "बाई, प्रत्येक वेळी एकच उरतो!" त्या नऊ दिवसांत शाळेचा अभ्यास थांबला नव्हता, गृहपाठही चुकला नव्हता. प्रश्न तिच्या मनात मागे कुठेतरी चालू होता. पुस्तकाबाहेरची वाटचाल बहुतेक वेळा अशीच होते, तिला वेळापत्रकात फार मोठा रकाना लागत नाही.

दुसरी पायरी याच्याच पोटात आहे. ४५२८ घ्या. बेरीज १९, भाग जात नाही. पण वर केलेला विचार नीट पाहिला तर तो आणखी काही सांगतो. संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तीच बाकी अंकांच्या बेरजेला भागूनही उरते. १९ ला भागून १ उरतो, म्हणून ४५२८ ला भागूनही १ उरतो. शाळेतला नियम भाग जातो की जात नाही एवढंच सांगत होता, आता बाकी किती तेही कळलं. माझ्या मते सहावी ते आठवी या तीन वर्षांत संख्यांबद्दल मुलाने काही एक गोष्ट शिकायची असेल, तर ती ही, की भागाकारापेक्षा बाकीकडे बघायचं.

इथे मी मुलांना देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची ओळख करून देते. ते शाळामास्तर होते, मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने लावा, २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करा, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा करा, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं, आणि कोणत्याही संख्येपासून निघालात तरी जास्तीत जास्त सात पावलांत तिथे पोचता.

मुलं आनंदाने वजाबाक्या करत सुटतात. त्यांना करू द्या, कारण वजाबाकीचा सरावही यातच होतो. मग विचारा, ३०८७, ८३५२, ६१७४ या तिघींना ९ ने भाग जातो का? जातो. नेहमीच जाईल का? आता दुसरी पायरी कामाला येते. दोन्ही संख्यांत अंक तेच आहेत, म्हणून अंकांची बेरीज तीच, म्हणून ९ ने भागल्यावर बाकीही तीच. सारख्या बाकीच्या दोन संख्या वजा केल्या की बाकी उडून जाते. सहावीतलं मूल हे दोन वाक्यांत लिहू शकतं, आणि ती त्याची पहिली सिद्धता असते. ती वहीत तारखेसह लिहून ठेवायला सांगा.

सातवीत शाळेत बैजिक राशी येतात. तो धडा चालू असताना याच धाग्याची पुढची पायरी ठेवा, आधी नको. दोन अंकी संख्या 'दशक a, एकक b' अशी असेल तर ती 10a + b. अंक उलटे केले की 10b + a. वजाबाकी 9(a − b). मग प्रश्न द्या, अंक उलटे केल्यावर ३६ ने कमी होणाऱ्या दोन अंकी संख्या किती? अंकांतला फरक ४ हवा, म्हणून ५१, ६२, ७३, ८४, ९५. मुलं पाच म्हणून मोकळी होतात. एखादं मूल ४० वर थबकतं. उलटं केलं की ०४, म्हणजे ४, आणि ४० वजा ४ बरोबर ३६. मग घरात चर्चा होते, ०४ ला संख्या म्हणायचं की नाही? प्रश्नात 'उलट केलेली संख्याही दोन अंकी असावी' असं म्हटलेलं नाही, तेव्हा ४० धरायची आणि उत्तर सहा. आयओक्यूएमसारख्या परीक्षेत हुशार मुलांचे गुण जातात ते बऱ्याचदा इथे, या शून्यापाशी. प्रश्न काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे वाचायची सवय अशा छोट्या वादांतूनच लागते.

सातवीतच घातांक येतात. त्या आठवड्यात आणखी एक पायरी. जुन्या पिढीतले लोक गुणाकाराचा ताळा नऊ टाकून पाहत असत, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून पाहा. १३ गुणिले १४ बरोबर १८२. १३ ची बाकी ४, १४ ची ५, त्यांचा गुणाकार २०, त्याची बाकी २. इकडे १८२ च्या अंकांची बेरीज ११, बाकी २. ताळा जमला. म्हणजे गुणाकाराची बाकी हवी असेल तर नुसत्या बाक्यांचा गुणाकार पुरतो. आता ७ चे घात घ्या. ७ ची बाकी ७. ७ चा वर्ग ४९, बाकी ४. पुढे ४ गुणिले ७ म्हणजे २८, बाकी १. पुढे पुन्हा ७, ४, १. तीन-तीनचं चक्र सुरू झालं. ७ चा १०० वा घात कोणी काढायला सांगितला तर काढता येणार नाही, पण त्याची बाकी सांगता येते. ९९ पर्यंत चक्रं पूर्ण झाली, शंभरावा घात नव्या चक्रातला पहिला, म्हणून बाकी ७.

आणि मग आठवीत, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत, मुलासमोर हा प्रश्न ठेवा. ४४४४ चा ४४४४ वा घात काढला. त्याच्या अंकांची बेरीज A. A च्या अंकांची बेरीज B. तर B च्या अंकांची बेरीज किती? १९७५ मध्ये बल्गेरियात झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधला हा चौथा प्रश्न आहे.

कसा सुटतो पाहा. प्रत्येक वेळी अंकांची बेरीज घेतली तरी ९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही, ही सहावीतली दुसरी पायरी. ४४४४ च्या अंकांची बेरीज १६, बाकी ७. ७ च्या घातांचं चक्र तीनचं. ४४४३ ला ३ ने भाग जातो, म्हणून ४४४४ वा घात चक्रातला पहिला, बाकी ७. म्हणजे आपल्या उत्तराचीही बाकी ७, उत्तर ७ असेल किंवा १६ किंवा २५. यातलं कोणतं? इथे एकच नवी गोष्ट लागते, मोठ्या संख्येला वरून झाकण घालायचं. ४४४४ ही १०,००० पेक्षा लहान आहे, म्हणून तिच्या त्या घातात जास्तीत जास्त ४४४४ च्या चौपट, म्हणजे १७,७७६ अंक असतील. सगळे ९ धरले तरी A फार तर १,५९,९८४. एवढ्या मर्यादेतल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४५ च्या वर जात नाही, म्हणून B फार तर ४५. आणि ४५ पर्यंतच्या संख्यांत अंकांची सर्वांत मोठी बेरीज ३९ ची, म्हणजे १२. १६ बाद, २५ बाद. उत्तर ७.

जगभरातून निवडून आलेल्या मुलांना दिलेला प्रश्न, आणि त्यातला जवळजवळ सगळा ऐवज सहावी-सातवीच्या धड्यांतला. सगळेच ऑलिंपियाड प्रश्न असे सुटत नाहीत, हेही सांगते. भूमितीचे प्रश्न फार वेगळी मेहनत मागतात, आणि मोजणीच्या प्रश्नांसाठी शाळेच्या पुस्तकात पुरेसं सामानच नसतं. पण सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर मला यात दिसतं. शाळेत जो धडा चालू आहे, त्याच्याच पुढचं पाऊल.

मी एकदा यात मोठी चूक केली आहे. सातवीतला एक मुलगा फार चटपटीत होता. मी उत्साहाने त्याला वरचा प्रश्न एका बैठकीत पूर्ण सोडवून दाखवला. त्याला तो पाठ झाला, पाहुण्यांसमोर फळा मांडून तो सोडवूनही दाखवायचा. दोन महिन्यांनी मी त्याला ४४४४ च्या जागी ५५५५ घालून दिला. त्याने सरळ ५५५५ ला ३ ने भागलं. ५५५५ ची बाकी २, आणि २ च्या घातांचं चक्र सहाचं आहे, २, ४, ८, ७, ५, १. तीनचं चक्र हे सातचं होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण ते चक्र त्याने स्वतः लिहून पाहिलेलं नव्हतं. ५५५५ ला ६ ने भागून ५ उरतात, चक्रातली पाचवी बाकी ५, आणि झाकण घातल्यावर उत्तर ५. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी आकडा बदलून विचारते. तुम्हीही हेच करा. मुलाने 'येतं' म्हटलं की पंधरा दिवसांनी आकडा बदला. तो आधी लहान आकड्यांवर करून पाहू लागला तर समजलंय. जुनी रीत तशीच्या तशी उतरवू लागला तर एक पायरी मागे जा. रागावण्यासारखं त्यात काही नाही.

आठवड्याचं गणित साधं आहे. शाळेच्या दिवसांत दोन बैठका, प्रत्येकी चाळीसएक मिनिटांच्या. एक रविवारी सकाळी, एक बुधवारी किंवा गुरुवारी. रविवारी एकच प्रश्न द्या, चालू धड्याला लागून असलेला. पंचवीस मिनिटं मुलाने एकट्याने झगडावं. नाही सुटला तर वही मिटायची. आठवड्याच्या मधल्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा, आणि तेव्हाही अडला तर एक इशारा, बहुतेक वेळा 'लहान आकडे घेऊन बघ' हा पुरतो. उत्तर पुढच्या रविवारी. घटक चाचणी, सत्र परीक्षा आली की दोन आठवडे हे सगळं बंद. शाळेचे गुण घसरायला लागले तर समजा, पायरी फार उंच झाली आहे किंवा बैठका वाढल्या आहेत. आयओक्यूएम साधारणपणे सप्टेंबरच्या सुमारास असते आणि शाळेची सत्र परीक्षा त्यानंतर येते, त्यामुळे मे आणि जून हेच जास्तीच्या कामाचे महिने. परीक्षेच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये जुने पेपर तीन तास बसून सोडवायचे. त्याआधी नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक छोटी वही वेगळी ठेवा. ऑलिंपियाडचं बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, आणि मुलं गणितावर अडण्याआधी भाषेवर अडतात. 'रिमेंडर' म्हणजे बाकी हे लवकर कळतं. 'डिजिट' आणि 'नंबर' यांत गोंधळ होतो, अंक आणि संख्या हा फरक त्यांना मराठीत चांगला माहीत असूनही. 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त, 'ॲट लीस्ट' म्हणजे निदान, 'डिस्टिंक्ट' म्हणजे सगळे वेगवेगळे. असे तीस-चाळीस शब्द पक्के झाले की वाट मोकळी होते. पुस्तक हवंच असेल तर आठवीच्या आसपास 'मॅथेमॅटिकल सर्कल्स' हे रशियन गणितमंडळांच्या अनुभवातून तयार झालेलं पुस्तक आणा. त्यात सम-विषम आणि बाक्या सुरुवातीच्याच प्रकरणांत येतात, आणि प्रश्न खरोखर पायरीपायरीने चढत जातात.

आणि निवड झाली नाही तर? बहुतेक मुलांची होत नाही, हे तुम्ही आधीच मनाशी धरून चला आणि मुलालाही सहज सांगून ठेवा. नऊ दिवस विचार करणाऱ्या त्या मुलीची पहिल्या वर्षी झाली नाही. ती आता नववीत आहे आणि शनिवारी सहावीच्या मुलांना नवाची कसोटी तीच विचारते.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. मुलाच्या शेजारी बसा, ४५२७ लिहा आणि अंकांची बेरीज का चालते ते विचारा. मग गप्प राहा. उत्तर तुम्हाला येत असलं तरी पुढच्या रविवारपर्यंत सांगू नका.